चार्टवर रोज 38 लाख डॉलरचा व्हॉल्यूम, आणि घेणारा कोणीच नाही

क्रिप्टोच्या एका छोट्या टोकनमध्ये माझे लाखाच्या थोडे वर रुपये गेले. कसे गेले ते आकड्यांसकट लिहितोय, कारण अशाच चार्टवर विश्वास ठेवून आत्ता या क्षणी कुणीतरी पैसे टाकत असणार.

मी दहा वर्षं शेअर बाजारात आहे. किमतीबरोबर व्हॉल्यूम वाढला की ब्रेकआउट खरा, हे मी तिथेच शिकलो आणि तेच क्रिप्टोत घेऊन आलो. एका छोट्या परदेशी एक्सचेंजवर एक टोकन दिसलं. 24 तासांचा व्हॉल्यूम 38 लाख डॉलर, भाव 0.0415 डॉलरच्या आसपास, कँडल एकदम सलग, कुठे गॅप नाही. पी-टू-पीवर, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाकडून, यूएसडीटी हे डॉलरच्या भावाने चालणारं नाणं घेतलं आणि चार दिवसांत थोडे थोडे करून 60,000 टोकन घेतले, सरासरी 0.0430 ला. म्हणजे 2,580 डॉलर, आपले सव्वादोन लाख. घेताना काहीच अडचण आली नाही. कितीही मागा, विकणारा हजर. ते मला चांगलं लक्षण वाटलं होतं.

महिन्याभराने घरी पैसे लागले म्हणून थोडे विकायला गेलो. स्क्रीनवर भाव तोच, 0.0415. 10,000 टोकन मार्केट ऑर्डरने विकले. 415 डॉलर यायला हवे होते, आले 382. पहिले 1,900 टोकन 0.0400 ला गेले, पुढचे 3,100 टोकन 0.0391 ला आणि उरलेले 5,000 थेट 0.0370 ला. तेव्हा मी पहिल्यांदा ऑर्डर बुक, म्हणजे घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या लावलेल्या ऑर्डरची यादी, नीट उघडून बघितलं. माझ्या विक्रीनंतर खरेदीची बाजू जवळजवळ रिकामी होती.

मग हिशेब मांडला. दिवसाला 38 लाख डॉलर म्हणजे मिनिटाला साधारण 2,640 डॉलर. तेवढी उलाढाल खरी असेल तर माझे 382 डॉलर ही नऊ सेकंदांची उलाढाल. नऊ सेकंदांच्या मालाने भाव दहा टक्के खाली जातो, म्हणजे ती उलाढाल माणसांची नाही. त्याहून वाईट गोष्ट अशी की पाच मिनिटांत चार्ट पुन्हा 0.0415 वर येऊन चालू लागला, जसं काही घडलंच नाही.

त्या रात्री मी ट्रेडची यादी समोर ठेवून बसलो. बिड म्हणजे घेणाऱ्याचा सर्वांत वरचा भाव 0.0400, आस्क म्हणजे विकणाऱ्याचा सर्वांत खालचा भाव 0.0430, आणि सगळे सौदे मात्र 0.0409 ते 0.0421 च्या मध्ये होत होते, जिथे बुकात ना कुणी घेणारा होता ना विकणारा. एक हिरवा, एक लाल, पुन्हा हिरवा, पुन्हा लाल. आकार 7,413, 6,982, 7,150 असे. माणूस घेतो तेव्हा 500, 1,000, 5,000 असे सरळ आकडेही घेतो; त्या यादीत असा एकही सौदा नव्हता. तासाचे व्हॉल्यूम बार पाहिले तर पहाटे तीनला आणि संध्याकाळी आठला उंची जवळपास सारखीच.

तरीही खात्री हवी होती, म्हणून एक चाचणी केली. हा सगळा लेख विसरलात तरी एवढी लक्षात ठेवा. मी 1,000 टोकनची लिमिट सेल ऑर्डर 0.0408 ला लावली. बुकात ती सर्वांत वर दिसू लागली, म्हणजे त्या एक्सचेंजवरचा सर्वांत स्वस्त विकणारा मी होतो. कुठल्याही खऱ्या एक्सचेंजचा नियम असा की खरेदीदार आला की आधी सर्वांत स्वस्त माल जातो. त्यामुळे 0.0415 ला हिरवा सौदा छापण्याआधी माझे टोकन संपलेच पाहिजेत. मी 25 मिनिटं बघत बसलो. सव्वादोनशेच्या आसपास सौदे सरकून गेले, त्यातले निम्मे हिरवे, सगळे माझ्यापेक्षा महाग. माझा एक टोकनही हलला नाही. याचा अर्थ ते सौदे ऑर्डर बुकातून जातच नव्हते. कुणी बॉट स्वतःलाच विकत होता असंही नव्हे, एक्सचेंज स्वतःच सौदे छापत होतं.

या चाचणीला मर्यादा आहे. काही ठिकाणी बॉट खरोखर बुकातून स्वतःचाच माल स्वतः घेतो. तिथे तुमची छोटी ऑर्डर भरली जाईल, किंवा बॉट तुमच्या भावाच्या खाली सरकेल. ऑर्डर भरली म्हणजे व्हॉल्यूम खरा, असं धरू नका. पण तुमची स्वस्त ऑर्डर पडून राहिली आणि महाग खरेदी छापली जात राहिली, तर तिथे एक मिनिटही थांबू नका.

आपण चार्टच्या अ‍ॅपवर विसंबतो, पण ते एक्सचेंजकडून आलेले आकडे फक्त काढून दाखवतं, तपासत नाही. त्या आकड्यांवर ओबीव्ही लावा नाहीतर व्हीवॅप, व्हॉल्यूमवरून काढलेल्या कुठल्याही इंडिकेटरचं उत्तर खोटंच येणार. मार्च 2019 मध्ये बिटवाइज या क्रिप्टो फंड कंपनीने अमेरिकेच्या एसईसी या बाजार नियामकाला दिलेल्या सादरीकरणात 81 एक्सचेंज तपासली होती. रोजच्या सुमारे 6 अब्ज डॉलरच्या बिटकॉइन व्हॉल्यूमपैकी खरा फक्त 27.3 कोटी डॉलरच्या आसपास निघाला. हे बिटकॉइनचं, मग छोट्या टोकनचं काय असेल? हे करून देण्याचा धंदाच आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये अमेरिकेत गॉटबिट, झेडएम क्वांट, सीएलएस ग्लोबल अशा कंपन्यांवर खटले उघड झाले. अशांना पकडायला एफबीआयने नेक्सफंडएआय नावाचं स्वतःचं टोकन काढलं होतं आणि त्याचा व्हॉल्यूम फुगवून द्यायला झेडएम क्वांट आणि सीएलएस ग्लोबल तयार झाल्या. गॉटबिटच्या संस्थापकाने 2025 मध्ये गुन्हा कबूल केला.

टोकनवाल्यांना याचा फायदा सरळ आहे. व्हॉल्यूम दिसला की यादीत नाव वर जातं, माझ्यासारखे घ्यायला येतात आणि त्यांच्याकडचा माल आमच्या गळ्यात जातो. मला घेताना विकणारा सतत का हजर होता, हे मला तेव्हा कळलं.

आता मी कुठलंही छोटं टोकन घेण्याआधी कॉइनगेको या क्रिप्टोचे भाव दाखवणाऱ्या साइटवर त्या टोकनच्या मार्केटच्या यादीत `-2% Depth` हा रकाना बघतो. भाव दोन टक्के खाली ढकलायला किती डॉलरचा माल विकावा लागेल, ते त्यात दिसतं. माझ्या टोकनला 0.0415 च्या दोन टक्के खाली, म्हणजे 0.0407 पर्यंत, एकही घेणारा नव्हता. व्हॉल्यूम लाखांत आणि डेप्थ शेकड्यांत असेल तर मी पुढे बघतच नाही. डेप्थही बॉटच्या ऑर्डरने फुगवता येते, म्हणून ती बरी दिसली तरी आधी पन्नास डॉलरचा माल घेऊन, विकून, पैसे बाहेर काढून बघतो.

उरलेले 50,000 टोकन मी 19 दिवसांत तुकड्या-तुकड्याने विकले. आधीचे 382 धरून सगळे मिळून हातात आले 1,340 डॉलर. आपल्याकडे क्रिप्टोतला तोटा दुसऱ्या नफ्यातून वजाही करता येत नाही, त्यामुळे तो पूर्ण माझ्या अंगावर.

मागच्या महिन्यात ऑफिसमधला एक सहकारी असाच एक चार्ट घेऊन आला. "सर, व्हॉल्यूम बघा ना," म्हणाला. त्याचे 700 डॉलर त्या एक्सचेंजवर पडलेले होते, थोडे टोकन आधीच घेतलेले. डब्याच्या सुट्टीत आम्ही त्याच्या फोनवर दहा डॉलरची विक्रीची ऑर्डर बिड आणि आस्कच्या मधोमध लावली आणि फोन टेबलावर ठेवून जेवलो. चाळीस मिनिटांनी ऑर्डर जशीच्या तशी होती आणि तिच्या वरच्या भावाने हिरवे सौदे पडतच होते. त्याने तिथेच बसून यूएसडीटी काढायची विनंती टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्याच्या वॉलेटमध्ये आले.