प्रचारभाषणातलं धार्मिक आवाहन कसं मोजायचं: शब्दयादी की माणसांकडून कोडिंग?

नाशिकमधल्या प्रचारसभांवर पेपर लिहायचा, भाषणं हाच डेटा मानायचा आणि उमेदवार धर्माच्या नावाने किती मतं मागतात ते दाखवायचं, असं ठरलं की पहिला पेच पद्धतीचा असतो. धार्मिक शब्दांची यादी करून संगणकाकडून मोजणी करून घ्यायची, की प्रशिक्षित वाचकांना परिच्छेद वाचायला लावून खुणा करून घ्यायच्या?

यादीची ओढ समजण्यासारखी आहे. शंभर-दोनशे शब्द जमवले की हजार भाषणं मिनिटांत मोजून होतात, आणि तीच यादी वापरली तर उत्तर दर वेळी तेच येतं. पण नाशिकमध्ये ती नेमकी कुठे घसरते ते बघा. इथे देवाधर्माचे शब्द महानगरपालिकेच्या कारभारातच मिसळलेले आहेत. रामकुंड, तपोवन, साधुग्राम, कुंभमेळ्याचा निधी, भाविकांसाठी पार्किंग, हे सगळं रस्ते-पाण्याच्या भाषणात येतं. त्यात देवनागरीची स्वतःची गंमत आहे. पायथनमध्ये नुसतं ‘राम’ शोधलं तर ते ‘ग्रामपंचायत’मध्येही सापडतं. शब्दाची हद्द सांगणारी खूण लावली तरी सुटका नाही:

```python
import re
re.findall(r"\bराम\b", "ग्रामीण भाग, रामकुंड")
# ['राम']
```

सापडलेला हा एकमेव ‘राम’ ‘ग्रामीण’मधला आहे, रामकुंडातला नाही. `re` काना, वेलांटी आणि हलन्त यांना अक्षर मानत नाही, त्यामुळे शब्दाच्या मध्येच तिला हद्द दिसते. उपाय साधा आहे: आधी मोकळी जागा आणि विरामचिन्हांवर शब्द तोडायचे, मग शब्दाची सुरुवात जुळवायची. ‘देऊळ’चं ‘देवळात’ होतं, म्हणून सामान्यरूपं यादीत वेगळी घालायची.

एवढं करूनही मूळ अडचण उरतेच. नमुन्यादाखल रचलेली ही तीन वाक्यं घ्या.

‘रामकुंडात सांडपाणी येतं, पाच वर्षं कुणी लक्ष दिलं नाही.’
‘काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली याच शहरात झाला, त्या समतेसाठी मत द्या.’
‘आपण कोण आहोत हे बटण दाबताना विसरू नका, ते लोक तर एकगठ्ठा जाणारच आहेत.’

यादी पहिल्या दोन वाक्यांना गुण देते आणि तिसऱ्याला शून्य. वाचणारा माणूस पहिलं नागरी तक्रार म्हणून बाजूला ठेवतो, दुसऱ्यापाशी थबकतो आणि तिसऱ्यावर खूण करतो. अनुभवी वक्ता तिसऱ्या वाक्यासारखंच बोलतो. धर्माच्या नावाने मतं मागायला मनाई करणारं लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(३) त्यालाही ठाऊक असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने मतदाराच्या धर्मावरून केलेलं आवाहनही त्या कलमात बसवलं. म्हणून उघड शब्द टाळून सूचक बोलणं वाढत असेल, तर यादीला ते आवाहन कमी झाल्यासारखं दिसेल.

माणसांकडून कोडिंग महाग पडतं. पंचवीस मिनिटांची ४० भाषणं, प्रत्येकी सुमारे ३००० शब्दांची, शंभर-शंभर शब्दांच्या तुकड्यांत तोडली तर १२०० तुकडे होतात. तुकड्याला दीड मिनिट धरलं तर एका कोडरचे तीस तास. एवढं परवडतं. परवडत नाही ती ढिसाळ नियमावली. ‘धार्मिक आहे का?’ असा एकच प्रश्न विचारला की दुसऱ्या वाक्यावर भांडण ठरलेलं. त्याऐवजी तीन प्रश्न वेगळे ठेवा: धार्मिक ओळखीचा उल्लेख आहे का, तो मताशी जोडला आहे का, दुसऱ्या समाजाची भीती घातली आहे का. दुसऱ्या वाक्याला मग ‘मंदिराचा उल्लेख आहे, मत समतेच्या नावाने मागितलं आहे’ अशी सरळ नोंद मिळते.

दोन कोडरांचं एकमत मोजताना टक्केवारीवर विसंबू नका. २०० तुकड्यांपैकी दोघांनी मिळून १० ना ‘हो’ आणि १७० ना ‘नाही’ म्हटलं, उरलेल्या २० वर मतभेद झाला, त्यांतल्या दहांना फक्त एकाने आणि दहांना फक्त दुसऱ्याने ‘हो’ म्हटलं, असं समजा. एकमत ९० टक्के दिसतं, पण योगायोगाने जुळणारं एकमत वजा करणारा कोहेनचा कापा जेमतेम ०.४४ येतो. आवाहनाचे तुकडे मुळातच कमी असल्याने ‘नाही’वरचं सोपं एकमत आकडा फुगवतं. त्याच जातीचं दुसरं माप, क्रिपेनडॉर्फचा अल्फा, वापरलं तर ०.८ च्या पुढे निर्धास्त राहायचं आणि ०.६६७ च्या खाली तो प्रश्न टाकून द्यायचा.

तेव्हा एका शहराच्या, चाळीसेक भाषणांच्या पेपरला माणसंच बरी. अनेक निवडणुकांची हजारो भाषणं असतील तर हाताने कोड केलेल्या तुकड्यांवर संगणकी वर्गीकारक शिकवता येतो, पण तोही कोडरांच्या एकमतापेक्षा शहाणा होत नाही. यादी चाळणी म्हणून ठेवा, मात्र चाळणीतून गळालेल्या तुकड्यांतले शंभरेक यादृच्छिक उचलून वाचा, म्हणजे सूचक आवाहन किती निसटतंय ते कळेल.

दोन्ही पद्धतींना बुडवणारी एक गोष्ट मात्र सारखीच आहे. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या चित्रफितींत तिखट तेवढंच निवडून ठेवलेलं असतं. सभेचं पूर्ण ध्वनिमुद्रण नसेल तर ते भाषण नमुन्यात घेऊच नका.