दसऱ्याचा फलक: ‘दसऱ्याला डिलिव्हरी’ लिहावं की ‘कागद आधी द्या’?

दुचाकीच्या शोरूमसाठी दसऱ्याची जाहिरात लिहायला बसलं की दोनच मजकूर समोर येतात. पहिला सगळ्यांच्या ओळखीचा: ‘साडेतीन मुहूर्तांपैकी एक! आजच बुकिंग, दसऱ्याला डिलिव्हरी! कागदपत्रे तयार!’ दुसरा जरा रुक्ष: ‘२६ सप्टेंबरपर्यंत कागद द्या, दसऱ्याला नंबर प्लेट लावलेली गाडी न्या.’ मी दोन्ही वापरून पाहिलेत. २०२४ ला पहिला, २०२५ ला दुसरा.

पहिला मजकूर माणसं खेचतो, यात वाद नाही. त्यात सण आहे, घाई आहे, आणि वाचताना डोळ्यांसमोर झेंडूचा हार येतो. दुसरा फलक लावला तेव्हा आमच्या मालकांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, “ही जाहिरात आहे की नोटीस?” त्यांचं अगदीच चुकलं होतं असं नाही. त्या वर्षी चौकशीचे फोन मला तरी कमी वाटले.

माझं मन फिरलं ते पहिल्या मजकुरातल्या शेवटच्या दोन शब्दांमुळे. ‘कागदपत्रे तयार’ म्हणजे कुणाची? आमच्या मनात होतं की विक्रीचा दाखला, विमा, नोंदणीचा अर्ज हे सगळं आम्ही करून देऊ. ग्राहक मात्र वाचतो की आपल्याला काहीच आणायचं नाही.

२०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता, महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे बँका बंद. आदल्या दिवशी संध्याकाळी एक मुलगा आला. गाडी आणि कर्ज दोन्ही वडिलांच्या नावावर घ्यायचं होतं, आणि आणलं होतं काय, तर मोबाइलमध्ये आधार कार्डाचा फोटो. कर्जाच्या केवायसीसाठी ओटीपी पाठवला, तो येईचना. आधारला वडिलांचा बंद पडलेला नंबर जोडलेला होता, आणि तो बदलायला त्यांना स्वतः आधार केंद्रात जावं लागणार होतं. कर्ज मंजूर नाही म्हणून पैसे नाहीत, पैसे नाहीत म्हणून नोंदणी नाही. नोंदणीशिवाय गाडी ग्राहकाच्या ताब्यात देता येत नाही. शिवाय १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागते, आणि गाडीला नंबर पडल्याशिवाय ती तयार होत नाही. सकाळी घरची मंडळी पेढे घेऊन हजर! मी काय सांगणार? ‘अटी लागू’ची चांदणी फलकावर होती, पण ती दाखवायची मला लाज वाटली. त्या गाडीची पूजा शेवटी दिवाळीच्या पाडव्याला झाली.

म्हणून २०२५ ला मी मजकूर लिहिण्याआधी कॅलेंडर उघडलं. दसरा २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीही त्याच दिवशी. घटस्थापना २२ सप्टेंबरला. मध्ये २७ तारखेला चौथा शनिवार आणि २८ ला रविवार, म्हणजे बँकेचे दोन दिवस गेले. कर्जाचे कागद शुक्रवारी, २६ ला आत गेले तरच पुढच्या तीन-चार दिवसांत पैसे, नोंदणी आणि प्लेट यांचा मेळ बसणार होता. फलकावरची तारीख अशी आली.

आणखी एक गोष्ट नंतर ध्यानात आली. पितृपक्षात आमच्याकडे कुणी बुकिंगचा विषय काढत नाही, त्यामुळे पहिला मजकूर त्या पंधरवड्यात नुसता लटकत राहतो. दुसऱ्यात आम्ही खाली एक ओळ घातली: ‘आता फक्त कागद तपासून घ्या, पैसे घटस्थापनेनंतर.’ कागद दाखवायला पितृपक्ष आड येत नाही. लोक आले. कुणाच्या पॅनवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं, कुणाचा पत्ता जुना. हे सगळं दसऱ्याच्या आदल्या रात्री कळण्याऐवजी तेव्हाच कळलं.

तुमचा बहुतेक ग्राहक रोखीने घेणारा असेल आणि गोदामात रंगासकट माल असेल, तर पहिला मजकूर लावायला हरकत नाही. फक्त ‘कागदपत्रे तयार’ काढा, असं मी सुचवेन. कर्जावर घेणारे जास्त असतील तर मी तरी दुसराच लावेन. त्यात ‘कागद’ एवढंच लिहून थांबू नका, नावं लिहा: आधार, पॅन, फोटो, पत्त्याचा पुरावा, आणि ‘आधारला जोडलेला मोबाइल सोबत आणा’. ही शेवटची ओळ आमच्या फलकावर सगळ्यात मोठ्या अक्षरात आहे. झेंडूचं चित्र मालकांच्या आग्रहाखातर कोपऱ्यात आहे.