दोन घरांत ज्योत्स्ना: शब्दकोड्याच्या ॲपसोबत सात महिने

कागदावरची शब्दकोडी मी कॉलेजपासून सोडवतेय. पेन्सिल, खोडरबर आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकातलं उत्तर एवढीच सामग्री. सात महिन्यांपूर्वी मोबाइलवर मराठी कोड्यांचं एक ॲप घेतलं, तेव्हा वाटलं होतं की बदलणार ते फक्त खोडरबर. पण कागदावर कधी जाणवलं नव्हतं असं काहीतरी या ॲपने जाणवून दिलं. मराठी कोड्यातलं एक घर म्हणजे नेमकं किती, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

नियम सगळ्यांना माहीत असतो. व्यंजन, त्याला चिकटलेली अर्धी व्यंजनं, काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वार, सगळं मिळून एक घर. महाराष्ट्र चार घरांत बसतो: म, हा, रा, ष्ट्र. स्वातंत्र्य तीनच. गोंधळ होतो तो कानामुळे. आपण 'धर्-म' असं म्हणतो, पण र् रफार होऊन पुढच्या घरात जातो; घरं ध आणि र्म. 'कन्या' म्हणताना न् आधीच्या अक्षराला चिकटतो, कोड्यात मात्र तो 'या'सोबत राहतो. पहिल्या आठवड्यात मी ओठांनी तोडत होते आणि घरं चुकत होते. आता डोळ्यांनी तोडते.

याचा कळस 'चांदणे' या सूचनेने केला. दोन घरं. मी अर्धा तास दोन अक्षरी साधे शब्द आठवत बसले. शेवटी आईला फोन केला, तर ती म्हणाली, "अगं, ज्योत्स्ना नाही का बसत?" बसतं की! ज्यो आणि त्स्ना. दहा वेळा कळ दाबावी लागते, पण घरं दोनच. तेव्हापासून सूचना वाचून घरं मोजताना एक प्रश्न आधी विचारते: यात एखादं घर जड असेल का?

आणि जड घर कुठे असेल, हेही हळूहळू कळायला लागलं. त्स्ना असलेला दुसरा शब्द मराठीत शोधून दाखवा. म्हणून कोडं रचणारा असं अक्षर दोन शब्दांच्या छेदावर ठेवूच शकत नाही. ते एकाच शब्दाच्या वाट्याच्या घरात जातं. छेदावर येतात ती र, ल, म, त, का, रा असली हलकी मंडळी. ज्या घरातून एकच शब्द जातो, तिथे जोडाक्षराची शंका आधी घ्यायची. छेदावरच्या घरात ष्ट्र वगैरे भरावंसं वाटलं, तर बहुधा आपलंच चुकलेलं असतं.

उलट कधी छेदावर विचित्र अक्षर आलंच, तर मजा येते. आडवा शब्द, 'ज्ञानेश्वरांची समाधी असलेलं गाव', तीन घरं: आ, ळं, दी. उभा शब्द मधल्या ळं मधून जात होता, तोही तीन घरांचा. सूचना होती, 'धाराशिव आणि यवतमाळ, दोन्ही जिल्ह्यांत या नावाचा तालुका'. मला भूगोल यथातथाच. पण मधोमध अनुस्वारासकट ळं असलेला तीन अक्षरी शब्द किती असणार? कळंब. त्या जागी नुसता ळ असता, तर मी वीसेक शब्द घोळवले असते. मराठीत अक्षर जितकं वजनदार, तितका त्याच्या छेदावरचा दुसरा शब्द आयता मिळतो.

ह्रस्व-दीर्घाचं प्रकरण याहून रंगतं. 'देवळासमोरचा दिव्यांचा दगडी खांब', चार घरं. मी दि, प, मा, ळ भरलं, कारण डोक्यात दिवा होता. पहिल्या घरावर आडवा शब्द संपत होता: 'संगीत नाटकाच्या आरंभीची', नांदी. नांदि काही होत नाही, म्हणजे ते दीपमाळ. शाळेत बाईंनी चारदा लाल पेनाने दाखवलेली चूक मला इथे एका घराने दाखवली.

पण हे घडतं ते रचणाऱ्याचं शुद्धलेखन पक्कं असेल तरच. एका कोड्यात क नंतरचं घर वी की वि, यावर मी अडले. आडवा शब्द उघड 'कवी'. 1962 च्या लेखन-नियमांनी तत्सम शब्दाचा शेवटचा इकारही दीर्घ केला, तेव्हा वी. त्याच घरातून खाली 'दांडूची जोडीदार' जात होती: विटी. 'वीटी' कोण लिहितं? रचणाऱ्याने जुन्या वळणाचं 'कवि' धरून दोन्ही शब्द जुळवले होते. कागदावर मी गुपचूप दोन्ही वेलांट्या काढून पुढे गेले असते. ॲपमध्ये एकच उत्तर बरोबर असतं, त्यामुळे शुद्ध लिहिणाऱ्याला लाल घर मिळालं. अशी कोडी महिन्यातून एखाददुसरं सापडतंच.

आता टायपिंगबद्दल, कारण पहिले तीन महिने खरा त्रास त्याचाच होता. त दाबला की कर्सर लगेच पुढच्या घरात उडी मारायचा, आणि मग दाबलेला हलन्त तिथे ठिपक्यांच्या गोलावर एकटाच लोंबकळायचा. ज्योत्स्ना भरताना त्या गोलांची रांग लागायची. नंतरच्या अपडेटमध्ये त्यांनी कर्सर थांबवला. आता आपण पुढच्या घरावर टिचकी मारेपर्यंत तो हलत नाही. थोडं सावकाश होतं, पण बरोबर आहे. व्यंजन दिल्यानंतर हलन्त येणार आहे की काना, हे आधीच ओळखायला मशीन काही ज्योतिषी नाही.

एक दोष मात्र अजून आहे, आणि तो दिसत नाही म्हणून वाईट. 'डोंगरांमधल्या खोल जागा', दोन घरं: द, ऱ्या. भरलं, लाल. पुसून पुन्हा भरलं, पुन्हा लाल. 'दर्या' तर नसेल? पण तो समुद्र झाला. तोच शब्द लॅपटॉपवर टाइप केला आणि घर हिरवं झालं! पुतण्या याच कामात आहे, त्याने दोन्हीकडचा मजकूर उलगडून दाखवला:

```
ऱ ् य        U+0931 U+094D U+092F
र ् (ZWJ) य  U+0930 U+094D U+200D U+092F
```

ZWJ म्हणजे अक्षरं जोडणारं, पण न दिसणारं चिन्ह. दोन्ही पडद्यावर हुबेहूब सारखे, पण माझा मोबाइलचा कीबोर्ड दुसरा प्रकार देतो आणि ॲप फक्त पहिला ओळखतं. 'ॲ'चंही तेच: एक अखंड अक्षर, आणि एक अ वर चंद्र ठेवून केलेलं. म्हणून 'ॲप' हाच शब्द ॲपमध्ये चुकीचा ठरू शकतो, यावर आम्ही दोघं बराच वेळ हसलो. तुमचंही उत्तर डोळ्यांना बरोबर दिसत असून लाल येत असेल, आणि त्यात ऱ्य, ऱ्ह किंवा ॲ असेल, तर शब्द बदलू नका. कीबोर्ड बदलून पाहा.

वर्षाची वर्गणी मी पुन्हा भरणार आहे. आई अजून कागदावरच सोडवते आणि ऱ्याची शेंडी पेन्सिलीने झोकदार काढते. तिला अजून एकदाही लाल घर मिळालेलं नाही.