आवाज एका फ्लॅटचा, बेडरूम दुसऱ्याच फ्लॅटची

परदेशातल्या एका कुटुंबाने चार मिनिटांचा व्हर्च्युअल टूर पाहून फ्लॅटची बुकिंग रक्कम भरली. ताबा घ्यायला आल्यावर कळलं की हॉल अपेक्षेपेक्षा तीन फुटांनी लहान आहे, खिडकीसमोर दहा फुटांवर भिंत आहे आणि टूरमध्ये दिसलेली बेडरूम या फ्लॅटमध्ये नाहीच. गंमत म्हणजे टूरचं निवेदन पुन्हा ऐकलं, तर त्यात धडधडीत खोटं म्हणून दाखवता येईल असं वाक्य जवळपास सापडत नाही. अशी निवेदनं कशी रचतात ते याच टूरमध्ये वाक्यावाक्याला दिसतं.

पहिलं वाक्य होतं, "साधारण चौदा फुटी, ऐसपैस दिवाणखाना." यातलं 'साधारण' विक्रेत्यासाठी आहे, ऐकणाऱ्याच्या लक्षात मात्र फक्त 'चौदा' राहतं. आकडा कानावर पडत असताना डोळ्यांसमोर वाइड लेन्सचं चित्र होतं. फोनवर 0.5x लावून कोपऱ्यातून शूटिंग केलं की खोली लांबलचक भासते. असं चित्र ओळखायचं असेल तर त्याच्या कडेला बघावं. तिथलं गोल घड्याळ अंडाकृती दिसतं, कपाट बाहेरच्या बाजूला ताणल्यासारखं वाटतं.

ताणलेल्या चित्रातही फरशा मोजता येतात. या हॉलमध्ये लांबीच्या बाजूने साडेपाच फरशा भरत होत्या. फरशी 60 सेंटिमीटरची, म्हणजे जवळपास दोन फुटांची. साडेपाच दुणे अकरा. चौदा फुटांच्या हॉलला सात फरशा लागल्या असत्या. फरशीचा आकार विक्रेत्याला सहज म्हणून विचारून घ्यावा आणि तो का हवाय ते सांगू नये.

पुढचं वाक्य, "खिडकीतून मोकळं आकाश." आकाश खरंच दिसत होतं, कारण कॅमेरा वरच्या बाजूला कलवला होता. दुसऱ्या खोलीतल्या खिडकीत तर नुसता पांढरा उजेड होता. घरातल्या अंधाराला जुळवून घेताना कॅमेऱ्याला बाहेरचा भाग पांढराफटक दिसतो. कधी हे नकळत होतं, कधी मुद्दाम तसंच ठेवतात. निवेदनात 'उजेड', 'मोकळीक', 'हवेशीर' हे शब्द असतील आणि खिडकीबाहेरची एकही वस्तू स्पष्ट दिसत नसेल, तर समोर काय आहे आणि किती अंतरावर, हे थेट विचारावं.

सगळ्यात मोठी लबाडी मात्र साध्यासुध्या वाक्याखाली लपलेली होती: "आता वळूया बेडरूमकडे." 'वळूया' म्हटलं की ऐकणारा मनातल्या मनात वळतो, चित्र तुटलेलं त्याला जाणवत नाही. इथे तुटल्यानंतर दिसली ती सॅम्पल फ्लॅटची बेडरूम. हॉलमधली स्कर्टिंग करडी होती, बेडरूममधली पांढरी. हॉलमधले स्विच चौकोनी आणि सपाट, बेडरूममधले जुन्या धाटणीचे. दाराचं हँडलही वेगळं. चित्र थांबवून दोन्ही खोल्या शेजारी शेजारी ठेवल्या असत्या तर पाच मिनिटांत उमगलं असतं. दारातून आत जाणारा सलग प्रवास दिसत नसेल तर ती खोली पाहिलीच नाही असं धरावं. 360 अंशांच्या टूरमध्ये पाऊल टाकायचे ठिपके जिथे अचानक संपतात, त्या कोपऱ्यातही असंच काहीतरी असू शकतं.

निवेदन आणि संगीत आणखी एक काम करतात, ते मूळ आवाज गिळतात. रस्ता, पंप, शेजारची लिफ्ट यातलं काही ऐकू येत नाही. म्हणून टूर झाल्यावर व्हिडिओ कॉल मागावा, तोही वर्दळीच्या वेळी. समोरच्याला सगळ्या खिडक्या उघडायला सांगून एक मिनिट गप्प राहायला सांगावं. मग मोजपट्टीचं एक टोक भिंतीला टेकवून दुसरं टोक कॅमेऱ्यासमोर धरायला लावावं. कॉल मुख्य दाराबाहेर सुरू करावा, फ्लॅट नंबर दाखवून घ्यावा आणि मग कॅमेरा बंद न करता आत जायला सांगावं. "नेटवर्क नाही" म्हणून नेमका बेडरूमच्या दारातच कॉल तुटला, तर पुन्हा जोडून सुरुवात दाराबाहेरूनच करून घ्यावी.

या कुटुंबाला पुढे करारातही अडचण आली. टूरमधलं बोलणं करारात कुठेच नव्हतं, उलट 'चित्रफीत केवळ कल्पनेसाठी' अशी एक ओळ होती. पैसे भरण्याआधी निवेदनाचा मजकूर लेखी मागवावा आणि प्रत्येक वाक्यापुढे 'मोजलेलं', 'आज आहे' किंवा 'पुढे होणार' यांपैकी एक लिहून घ्यावं. 'पुढे होणार' असेल तिथे तारीख हवी. हा कागद सहीनिशी कराराला परिशिष्ट म्हणून जोडायचा, आणि ती 'कल्पनेसाठी'ची ओळ त्याला लागू नाही असं वकिलाकडून करारातच लिहून घ्यायचं. विक्रेता ज्या वाक्यापुढे काहीच लिहायला तयार नसेल, ते टूरमध्ये पुन्हा एकदा, आवाज बंद करून बघायचं.