बाबांची पार्किन्सन्सची गोळी आणि दुपारचं वरण, आठ महिन्यांचा अनुभव

बाबा ७१ वर्षांचे, राहतो मुलुंडला, पार्किन्सन्सला सात वर्षं झाली. लेव्होडोपा-कार्बिडोपाची १०० + २५ वाली गोळी, सकाळी ८, १२, ४ आणि रात्री ८. पहिली काही वर्षं वेळ पुढेमागे झाली तरी काही वाटायचं नाही म्हणून आम्ही जेवणाबरोबरच द्यायचो. पण गेल्या वर्षी दुपार पार बिघडली, जेवून उठले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे, आणि आम्हाला वाटलं आजार वाढला, आता डोस वाढवावा लागणार.

डॉक्टरांनी आधी वही घालायला लावली. दर अर्ध्या तासाला लिहायचं, बाबा मोकळे आहेत की अडकलेत, गोळी कधी घेतली, काय खाल्लं. पाच दिवसांत कळलं की त्रास एक नाही, दोन आहेत. १२ ची गोळी वरण, मटकीची उसळ आणि दह्याबरोबर पोटात गेली की चढायचीच नाही, दोन वाजले तरी नाही. ४ ची मात्र पाऊण तासात मस्त चढायची पण ७ वाजताच उतरायची, पायाचा अंगठा वळायचा आणि उगाच जीव घाबरा व्हायचा, ही भीतीसुद्धा गोळी उतरल्याचीच खूण असते हे आम्हाला माहीतच नव्हतं.

पहिल्याचं कारण प्रोटीन. प्रोटीन पचून जी अमिनो आम्लं होतात ती आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरायला लेव्होडोपाचंच दार वापरतात, गर्दी झाली की गोळी बाहेर. दुसऱ्याचं कारण वेगळं, औषध रक्तात दीडेक तासात निम्मं होतं, आधी मेंदूच्या पेशी साठवून ठेवायच्या, आता त्या पेशीच कमी उरल्यात. म्हणून नुसतं जेवण हलवून दुसरा त्रास जात नाही, आम्ही महिनाभर तेच करत बसलो.

आता डॉक्टरांनी वेळा ७, १०, १, ४, ७ करून दिल्यात. गोळी पेलाभर पाण्याबरोबर, जेवण पाऊण तासाने, मळमळलं तर अर्धं केळं. दुपारी भात-भाजी, डाळ नि मासे रात्री ८ ला. मध्ये मी डाळ बंदच केली होती तर बाबांचं दोन किलो वजन उतरलं, डॉक्टर रागावले, प्रोटीन कमी करायचं नाही, फक्त रात्रीकडे सरकवायचं.

दुपार सुटली, दोन वाजता स्वतः उठून पाणी घेतात. रात्र मात्र जड गेलीये, ७ ची उतरली की कूस बदलता येत नाही, आई दोनदा उठते. रात्रीसाठी वेगळं काय देता येईल ते पुढच्या व्हिजिटला विचारायचंय, वही चालूच आहे.