सिंदूर, कुंकू की टिकली: डबीच्या मागचं वाचून ठरवायचं असेल तर

मागच्या महिन्यात भाची तीन वस्तू माझ्यासमोर ठेवून बसली, मावशी यातलं रोजचं काय लावू सांग म्हणून. एक लिक्विड सिंदूर, एक पूजेच्या सामानातली कुंकवाची पुडी आणि टिकल्यांचं पाकीट. सासर उत्तरेकडचं, त्यामुळे भांगात सिंदूर रोजचाच, आणि हिची स्किन अशी की खोटे कानातले घातले तरी संध्याकाळपर्यंत कानाची पाळी लाल. मी कॉस्मेटिकच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये बरीच वर्षं काढलीत म्हणून माझ्याकडे आली, पण खरं सांगू का, यातलं बरंचसं कोणालाही घरी बसून करता येतं.

आधी एक गोष्ट डोक्यात वेगळी ठेवा. शिसं आणि खाज हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लोक एकत्र करतात, म्हणजे खाज आली की म्हणतात शिसं असेल, आणि काहीच झालं नाही तर म्हणतात शुद्ध आहे. शिशाने कपाळाला खाज येत नाही. ते त्वचेतून फारसं आत जातही नाही, ते जातं बोटावरून तोंडात, भुकटी उडून नाकात, आणि घरात रांगणारं पोर असेल तर त्याच्या हाताला लागून पोटात. खाज, काळपट डाग, पांढरा डाग हे सगळं रंगामुळे, वासामुळे, प्रिझर्वेटिव्हमुळे किंवा गोंदामुळे. म्हणजे एखादं सिंदूर कपाळाला एकदम सोसतं आणि तरी त्यात शिसं असू शकतं, उलटंही होऊ शकतं.

आता पुडी. जुन्या पद्धतीचं कुंकू म्हणजे हळद. हळदीला चुन्यासारखं काही लागलं की ती लाल होते, किंवा लिंबाचा रस आणि टाकणखार घालून ती लाल करतात. सोलापूर जिल्ह्यातल्या केमचं कुंकू प्रसिद्ध आहे ते अशाच कामासाठी. पण आज स्वस्तात मिळणाऱ्या पुडीत बऱ्याचदा स्टार्च आणि त्यावर चढवलेला सिंथेटिक रंग असतो. आणि शेंदूर, जो मारुतीला तेलात कालवून लावतात तो, मूळचा शिशाचाच ऑक्साईड. सिंदूर म्हणून पूर्वी हिंगूळही वापरायचे, म्हणजे पाऱ्याचं संयुग. हे दोन्ही देवाच्या मूर्तीला ठीक, माणसाच्या भांगात नाही. घोळ इथेच होतो कारण दुकानात शेंदूर, सिंदूर, कुंकू सगळं एकाच फळीवर असतं आणि पुडीवर 'फक्त पूजेसाठी' लिहिलेलं कोणी वाचत नाही. ते लिहिलं की वस्तू सौंदर्यप्रसाधन म्हणून विकलेली नसते, मग तिला कॉस्मेटिकचा लायसन्स नंबरही नसतो आणि रंगाच्या मर्यादा पाळल्यात का हे कोणी विचारत नाही. भाचीची पुडी अशीच निघाली. ती मी थेट देवघरात ठेवायला सांगितली, आणि देवालाही बोटाऐवजी काडीने लाव म्हटलं.

भारतात कॉस्मेटिकमध्ये रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगं वापरायला बंदी आहे, आणि जे रंग चालतात त्यांच्यातही अशुद्धी म्हणून शिसं २० पीपीएमच्या वर नको, म्हणजे एका ग्रॅममध्ये २० मायक्रोग्रॅम. ऐकायला छान आहे. पण २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका सार्वजनिक आरोग्याच्या जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात न्यूजर्सीतले ९५ आणि भारतातले २३ सिंदूरचे नमुने तपासले होते, त्यात न्यूजर्सीचे १९ टक्के आणि भारतातले ४३ टक्के नमुने तिथल्या २० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्या वर गेले. भारतातले नमुने थोडे होते हे खरं, पण सगळे मिळून तीन नमुन्यांत तर ग्रॅमला १०,००० मायक्रोग्रॅमच्या वर होतं. हा फरक किती मोठा ते असं बघा. भांग भरून हात न धुता डबा भरला आणि दिवसभरात समजा १० मिलिग्रॅम भुकटी पोटात गेली, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढी. २० पीपीएमच्या सिंदूरमधून ०.२ मायक्रोग्रॅम शिसं जाईल. १०,००० वाल्यातून १०० मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध खात्याने मूल होण्याच्या वयातल्या बायकांसाठी खाण्यातून दिवसाला ८.८ मायक्रोग्रॅम हा संदर्भ आकडा धरलाय, लहान मुलांसाठी २.२. म्हणजे पहिल्यात काळजीचं कारण नाही आणि दुसऱ्यात रोजच्या रोज अकरापट.

घरी शिसं ओळखता येतं का, तर थोडंफार. शिशाचे आणि पाऱ्याचे लाल रंग हळद किंवा स्टार्चच्या कितीतरी पट जड असतात, त्यामुळे चिमुकली डबी हातात घेतल्यावर दगडासारखी वाटली आणि रंग नारिंगी-लाल असेल तर ती मी परत ठेवते. पण हे फक्त भरपूर शिसं असेल तेव्हाच, शे-दोनशे पीपीएम हाताला अजिबात कळत नाही. लिंबू पिळून पिवळं होतं का हे बघणारेही असतात, चुन्याने लाल केलेली हळद आंबटाने पिवळी पडते खरी, पण त्याने हळद आहे एवढंच कळतं, सोबत दुसरं काय मिसळलंय ते नाही. आणि शिशासाठी ज्या पुसायच्या काड्या मिळतात त्यातल्या नेहमीच्या शिसं असलं की गुलाबी-लाल होतात, आता लाल भुकटीवर लाल काडी कशी वाचणार. खात्री हवी तर लॅबच, लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएल संस्थेची मान्यता असलेली, आणि 'शिसं, पारा, आर्सेनिक किती पीपीएम' असं स्पष्ट मागायचं.

आता लिक्विड सिंदूर. भुकटी उडत नाही, बोटाला कमी लागतं, म्हणून शिशाच्या बाजूने हे मला पुडीपेक्षा बरं वाटतं, पण त्यात लायसन्स नंबर, बॅच नंबर आणि घटकांची यादी तिन्ही असतील तरच. इथे एक पळवाट आहे. आपल्या नियमात ६० मिलीपेक्षा लहान लिक्विड आणि ३० ग्रॅमपेक्षा लहान भुकटीच्या पॅकवर घटक छापायची सक्ती नाही, आणि सिंदूर कधी ६० मिलीची बाटली बघितलीय का कोणी? म्हणजे यादी नसणं बेकायदा नाही, पण ज्याने सक्ती नसताना छापली त्याला मी जास्त मार्क देते. भाचीच्या बाटलीच्या खोक्यावर यादी होती, बाटलीवर नव्हती. खोकं ती फेकायलाच निघाली होती.

यादीत रंग इंग्रजी अक्षरांत सीआय आणि पाच आकडे असा येतो. ७७४९१ म्हणजे लोखंडाचा ऑक्साईड, गेरूच्या जातीचा, तपकिरी-लाल, अ‍ॅलर्जीच्या बाबतीत सगळ्यात शांत. १५८५० हा लिपस्टिकमधला नेहमीचा लाल. ७७५७८ दिसला तर तो शिशाचा लाल आणि ७७७६६ म्हणजे हिंगूळ, बंद करा खोकं. अर्थात शिसं घालणारा ते छापेल कशाला, त्यामुळे हे आकडे नसणं हा पुरावा नाही. खरा उपयोग खाजेसाठी आहे. १५८०० आणि १२०५५, म्हणजे ब्रिलियंट लेक रेड आणि सुदान वन, हे कुंकवाच्या अ‍ॅलर्जीत डॉक्टरांनी नोंदवलेले रंग आहेत. यांचं वाईट म्हणजे कधीकधी खाज फारशी येत नाही, नुसता कपाळावर करडा-तपकिरी पट्टा उमटत जातो आणि बाई त्याला उन्हाचा टॅन समजून त्यावर अजून कुंकू लावते. भाचीच्या यादीत १५८५० आणि लोखंड होतं, पण शेवटी परफ्यूम आणि दोन पॅराबेन, म्हणजे प्रिझर्वेटिव्ह. पॅराबेनची मला फार भीती नाही, परफ्यूमची आहे, ज्याची स्किन आधीच चिडकी आहे त्याने बिनवासाचं शोधावं.

टिकलीत शिशाचा विषय जवळजवळ येतच नाही, तिथे सगळा खेळ मागच्या गोंदाचा. काही गोंदांत पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल नावाचं रसायन असतं, आणि ते रंग बनवणाऱ्या पेशीच मारतं. मग टिकलीच्या जागी, अगदी टिकलीच्या मापाचा, पांढरा ठिपका येतो. आमच्याकडे एका काकूंना झाला होता तेव्हा सगळ्यांना वाटलं कोड आलं, लग्नाच्या मुली घरात म्हणून लपवालपवी, आणि डाग होता फक्त टिकलीएवढा गोल. ओळखायचं तसंच, आकार टिकलीचा आणि जागा टिकलीची. पण नंतर तो कडेने पसरूही शकतो, तेव्हा थांबून बघू नका. टिकलीच्या पाकिटावर गोंदात काय आहे ते लिहिलेलं मी क्वचितच पाहिलंय, 'मेडिकेटेड गम' एवढ्याने काही कळत नाही. खड्याच्या टिकलीत धातूची कड असेल तर निकेल, आणि जिच्या कानाची पाळी खोट्या कानातल्यांनी सुजते तिने ती लावूच नये.

टेस्ट करायची तर कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, सात दिवस. एकदाच लावून दुसऱ्या दिवशी 'काही नाही झालं' म्हणू नका, अ‍ॅलर्जी उशिरा उठते. पुडी आणि लिक्विडला हे चालतं. टिकलीच्या पांढऱ्या डागाला नाही, तो यायला महिने लागू शकतात, त्यामुळे सात दिवस स्वच्छ गेले म्हणजे गोंद चांगला असं मुळीच नाही.

मग ठरलं काय? भांगासाठी लिक्विड, पण बिनवासाचं दुसरं शोधून, यादीत लोखंडाचा रंग पुढे असलेलं, आणि टेस्ट झाल्यावरच. कपाळासाठी टिकली फक्त समारंभाला, धातू नसलेली, रात्री काढून, खोबरेल तेलाने गोंद पुसून, आणि दर वेळी थोडी वरखाली. रोजला मी तिला आजीची पद्धत सांगितली, बोटावर चिमूटभर मेण, त्यावर कुंकू, अर्थात ती पूजेची पुडी नाही. मेणामुळे भुकटी उडत नाही, गोंद लागतच नाही, आणि रंगही त्वचेला थेट कमी चिकटतो. मेणाचीही काहींना अ‍ॅलर्जी असते म्हणून तेसुद्धा कोपरावर आधी. तिला मेण तेलकट वाटलं, ऑफिसला कपाळ चमकतं म्हणाली. मग टिश्यूने एकदा टिपून घे म्हटलं, आता तशीच लावते.

आणि हो, डाग आला तर स्किनवाल्या डॉक्टरकडे जाताना ती डबी, ते पाकीट आणि खोकं सोबत न्या. अ‍ॅलर्जी शोधायला डॉक्टर त्वचेवर पट्टी लावून जी पॅच टेस्ट करतात, त्यात तुमचीच वस्तू लावून बघता येते.