पाच किलो कैरीचे लोणचे: एक मोठी बरणी, सात मध्यम की पंधरा लहान?

लोणच्यासाठी भांडी विकत घ्यायला गेल्यावर पहिला घोटाळा होतो तो मापाचा. दुकानदार ‘एक किलोची बरणी’ म्हणतो, पण ती एक किलो साखरेची, तांदळाची की लोणच्याची, हे त्यालाही ठाऊक नसते. त्यामुळे बरणी किलोवर न जोखता लिटरवर जोखावी, आणि घरात आधीपासून असलेल्या बरण्यांवर माप लिहिलेले नसेल तर रिकामी बरणी वजनकाट्यावर ठेवून, ती काठोकाठ पाण्याने भरून पुन्हा वजन करावे. वाढलेले जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर तिचे माप. त्यानंतर मात्र ती बरणी दोन दिवस कडकडीत उन्हात वाळवावी लागेल, म्हणून हे काम कैऱ्या आणायच्या आधीच्या आठवड्यात उरकलेले बरे.

आता एक घाणा हिशेबाला घेऊ. पाच किलो कैरी धुऊन, पुसून, देठ आणि आतली कोय काढून चिरली की, फोडींना बाठ्याचा कठीण भाग तसाच ठेवला तरी, साधारण चार किलो फोडी हाती लागतात. त्यांना सुमारे सातशे ग्रॅम मीठ, मोहरीची डाळ, तिखट, हळद, मेथी आणि हिंग मिळून आणखी सहा-सातशे ग्रॅम, आणि एक लिटर तेल धरले, तर एकूण लोणचे सव्वासहा किलोच्या आसपास भरते. मुरल्यानंतर त्याला जागा लागते जवळजवळ सहा लिटर. परंतु पहिल्या दिवशी ते सहा लिटरमध्ये मुळीच मावत नाही, कारण ताज्या फोडी ताठ असतात आणि त्यांच्यामधल्या पोकळीत हवा असते. मिठाने पाणी सुटून फोडी नरम पडल्या की खार त्या पोकळीत भरतो आणि लोणचे आठ-दहा दिवसांत बरेच खाली बसते. म्हणून पहिल्या दिवसाकरिता सात-आठ लिटरचे एक भांडे लागतेच, मग पुढची निवड काहीही असो. खरा प्रश्न इतकाच आहे की मुरलेले लोणचे त्याच भांड्यात वर्षभर ठेवायचे, की वाटून भरायचे.

चिनी मातीच्या एकाच मोठ्या बरणीच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ऊन लागत नाही, खारट-आंबट खाराचा तिच्यावर परिणाम होत नाही, आणि तेल कमी लागते. वीस सेंटिमीटर व्यासाच्या बरणीत लोणच्यावर एक सेंटिमीटर तेल उभे राहायला सुमारे तीनशे मिलिलिटर पुरते. नऊ सेंटिमीटर व्यासाच्या सात बरण्यांना मिळून तेवढ्याच थराला साडेचारशेच्या आसपास लागते, आणि साडेसात सेंटिमीटरच्या पंधरा लहान बरण्यांना साडेसहाशेहून अधिक. शिवाय जुन्या घडणीच्या बरणीची मान अरुंद असते. लोणचे खांद्यापर्यंत भरलेले असेल तर तेल त्या मानेत उभे राहते आणि आणखी थोडक्यात भागते. घडवणाऱ्यांनी ही गोष्ट विचार करूनच केली असावी, असे मला नेहमी वाटते.

हा फायदा बरणी भरलेली असेपर्यंतच टिकतो. लोणचे खांद्याखाली उतरले की तेलाचा थर रुंद पसरून पातळ होतो, वरच्या फोडी उघड्या पडतात, आणि पोकळ जागेत प्रत्येक वेळी झाकण काढताना पावसाळी दमट हवा शिरते. चौघांच्या घरात महिन्याला पाच-सहाशे ग्रॅम लोणचे संपते, म्हणजे ही एकच बरणी जवळजवळ वर्षभर, आठवड्यातून तीन-चार वेळा उघडली जाते. आमच्याकडे एका श्रावणात कोणीतरी ओला डाव बुडवला होता. पंधरा दिवसांनी दादरा सोडला तेव्हा कडेने पांढरी भुरी धरलेली दिसली आणि वास आंबूस दारूसारखा येत होता. वरचे काढून खालचे वाचवू, असा मोह झाला, पण बुरशीचे तंतू दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असू शकतात. सगळे टाकले. एका चुकीची किंमत सहा किलो पडली.

एक लिटरच्या काचेच्या बरण्यांमध्ये हीच चूक एका बरणीपुरती राहते. लोणचे दाबून बसवून, वर बोटभर जागा तेलासाठी सोडली, तर अशा बरणीत साडेआठशे मिलिलिटर, म्हणजे सुमारे नऊशे ग्रॅम लोणचे मावते. सहा लिटरला असे भाग घातले की सात बरण्या होतात, आणि एक बरणी साधारण दीड महिना पुरते. भरल्यावर दोन-तीन दिवसांनी प्रत्येक बरणी पुन्हा पाहावी, कारण फोडी तेल पितात आणि थर खाली जातो. वरची फोड कोरडी दिसली तर तेल गरम करून, पूर्ण गार करून घालावे. तोंड इतके रुंद हवे की हात आत जाऊन तळ घासता येईल. पत्र्याचे झाकण टाळावे. मीठ आणि आंबट खार यांनी ते आतून गंजते आणि गंजाचे ठिपके तेलावर उतरतात.

अर्ध्या लिटरच्या बरण्या मला या कामाला फारशा पटत नाहीत. वरची जागा सोडल्यावर एकीत चारशे-सव्वाचारशे मिलिलिटरच मावते, त्यामुळे पंधरा बरण्या धुणे, वाळवणे, भरणे आणि तेलाची तपासणी करणे आले. मात्र अर्धे लोणचे लेकीला, भावाला, शेजारी द्यायचे असेल, किंवा घरात दोनच माणसे असतील, तर त्या योग्य ठरतात.

जॅमचा हिशेब याच्या उलट चालतो. दोन किलो आंब्याचा गर आणि दीड किलो साखर नीट आटवली की जॅम सुमारे २.६ किलो होतो. पण जॅम पाण्याहून जड असल्याने त्याला जागा जेमतेम दोन लिटर लागते. म्हणजे पाव लिटरच्या आठ बाटल्या, आणि प्रत्येकीत तीनशेहून अधिक ग्रॅम. येथे लहान बाटली केवळ सोयीची नाही. गरम जॅम मोठ्या बरणीत भरला तर मधला भाग फार वेळ गरम राहतो, रंग काळवंडतो आणि घट्टपणाही बिघडू शकतो. शिवाय उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवावी लागते. तोंडाशी अर्धा सेंटिमीटरहून थोडी अधिक जागा सोडणे पुरेसे असते, आणि गरम जॅम भरताना बाटलीही गरमच हवी, नाहीतर काच तडकते.

लोणच्यासाठी मी स्वतः सात बरण्यांचा मार्ग थोडा बदलून वापरतो: आठ लिटरच्या बरणीत दहा दिवस, रोज एकदा कोरड्या लाकडी डावाने तळापासून हलवून मुरवतो, मग एक लिटरच्या सहा आणि अर्ध्या लिटरच्या दोन बरण्या भरतो. शेवटची बरणी हमखास अर्धवट राहते, कारण कैरीत कोय किती निघेल हे चिरल्याशिवाय कळत नाही. ती अर्धवट बरणी साठवणीत न ठेवता पहिल्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर आणतो.